Q आणि K: मिश्रण कोणत्या बाजूला सरकेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. समतोलाचा धडा सुरू झाला की संध्याकाळी फोनवर प्रश्न यायला लागतात. बहुतेक मुलं शेवटच्या एसटीने गावाला पोचलेली असतात, वही उघडतात, अडतात, आणि विचारायला जवळपास कोणी नसतं. गेल्या काही वर्षांत तेच तेच प्रश्न पुन्हा आले, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे परीक्षेच्या कामाचे आहेत. शेवटचे आपल्याच विहिरींच्या पाण्याचे आहेत, आणि मला तेच जास्त जिव्हाळ्याचे वाटतात. आकडेमोडीत संहती सगळीकडे मोल प्रति लिटर धरली आहे.

१. मॅडम, Q चं सूत्र तर K सारखंच आहे. मग वेगळं नाव काऊन दिलं?

सूत्र सारखंच आहे, पण त्यात घालायचे आकडे वेगळे असतात. K मध्ये समतोल झाल्यानंतरच्याच संहती बसतात. म्हणून एका तापमानाला K ची किंमत एकच राहते आणि तिला समतोल स्थिरांक म्हणतात. Q मध्ये आत्ता, या क्षणी भांड्यात असलेल्या संहती घालायच्या, मग समतोल झालेला असो वा नसो. मराठीत याला अभिक्रिया भागफल म्हणतात, वर्गात आपण रिॲक्शन कोशंट म्हणतो.

रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड आठवा. K हा आपल्या गावाचा दगड, तो जागचा हलत नाही. Q म्हणजे एसटी आत्ता ज्या दगडापाशी आहे तो. दोन्ही आकडे माहीत असले की गाव पुढे आहे की मागे राहिलं, ते कळतं. एसटी किती वेगाने चालली आहे, हे मात्र दगड सांगत नाही (प्रश्न १० पाहा).

२. दिशा नेमकी कशी ठरवायची? एक उदाहरण पूर्ण करून दाखवा.

या पानावर शक्यतो एकच अभिक्रिया वापरते, म्हणजे दरवेळी नवीन समीकरण समजून घ्यावं लागणार नाही.

N₂O₄ ⇌ 2NO₂

डावीकडचा डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड रंगहीन आहे, उजवीकडचा नायट्रोजन डायऑक्साइड तपकिरी. अभिक्रिया कोणत्या बाजूला सरकते ते रंगावरून दिसतं, म्हणून मला ही आवडते. (वायू विषारी आहे, घरी करून बघायचा प्रयोग नाही.) २५ अंश सेल्सिअसला हिचा K सुमारे ०.००४६ आहे.

समजा बंद भांड्यात N₂O₄ ०.०४० आणि NO₂ ०.०२० आहे.

Q = [NO₂]² ÷ [N₂O₄] = (०.०२०)² ÷ ०.०४० = ०.०१०

०.०१० हा आकडा ०.००४६ पेक्षा मोठा आहे. उत्पादितं अंशात असतात, म्हणजे उत्पादित गरजेपेक्षा जास्त झालं आहे. Q ला कमी होत K पर्यंत यायचं तर अंश घटला पाहिजे आणि छेद वाढला पाहिजे. म्हणून अभिक्रिया उलट, म्हणजे डावीकडे जाईल. NO₂ चे रेणू जोडीजोडीने जुळून N₂O₄ होतील आणि तपकिरी रंग फिका पडेल.

Q हा K पेक्षा लहान आला असता तर अभिक्रिया उजवीकडे गेली असती आणि रंग गडद झाला असता. दोन्ही सारखे असते तर रंगात फरक पडला नसता. तेव्हाही अभिक्रिया थांबलेली नसते. दोन्ही बाजूंनी सारख्याच वेगाने चालू असते, म्हणून बाहेरून काही बदलताना दिसत नाही.

३. पण वरच्या उदाहरणात अभिक्रियाकारक उत्पादितापेक्षा दुप्पट आहे. जे जास्त ते कमी व्हायला नको का?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि विचारणारी मुलं हुशार असतात. पाणी उंचावरून खाली वाहतं, तसं जास्त असलेल्याकडून कमी असलेल्याकडे अभिक्रिया जाईल, असं मनात बसलेलं असतं. रसायनशास्त्रात समतोल म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं प्रमाण नव्हे. किती प्रमाणात किती हवं, हे त्या अभिक्रियेचा K ठरवतो.

इथला K लहान आहे, म्हणजे २५ अंशाला ही अभिक्रिया N₂O₄ कडे झुकलेली आहे. दुप्पट N₂O₄ तिला पुरत नाही. प्रश्न ४ मध्ये गणित पूर्ण केलं आहे, तिथे समतोलाला N₂O₄ हे NO₂ च्या तिप्पट निघतं. नुसत्या संहती एकमेकींशी ताडून दिशा ठरवू नका. कधी कधी उत्तर बरोबर येतं, आणि तेच धोक्याचं, कारण मग सवय लागते.

४. दिशा कळली. आता किती सरकेल ते कसं काढायचं?

त्यासाठी नुसता Q पुरत नाही, x धरून समीकरण सोडवावं लागतं. मात्र x ची चिन्हं कशी मांडायची ते Q नेच ठरतं. अभिक्रिया डावीकडे जाणार असल्याने N₂O₄ मध्ये x ची भर पडेल आणि NO₂ मधून 2x कमी होईल:

(०.०२० − 2x)² ÷ (०.०४० + x) = ०.००४६

हे सोडवलं की x च्या दोन किमती येतात, ०.००३० आणि ०.०१८. दुसरी घेतली तर NO₂ ऋण होतो, म्हणून ती सोडायची. पहिलीवरून NO₂ सुमारे ०.०१४ आणि N₂O₄ सुमारे ०.०४३. ताळा करून बघा: (०.०१४)² ÷ ०.०४३ म्हणजे जवळपास ०.००४६.

चिन्हं उलटी मांडली तर काय होतं? पूर्ण वर्गसमीकरण सोडवलं तर x ऋण येतो आणि चूक आपोआप सुधारते. मात्र ‘x लहान आहे, सोडून देऊ’ असा शॉर्टकट घेतला असेल तर चूक आत दडून राहते. म्हणून आधी Q काढायचा, मग x मांडायचा.

५. समीकरण अर्धं करून किंवा उलटं लिहिलं तर दिशा बदलते का?

भांड्यातल्या वायूंना आपण वहीत काय लिहिलं ते ठाऊक नसतं. दिशा बदलत नाही. Q आणि K या दोघांचे आकडे मात्र बदलतात, आणि दोन्ही एकाच समीकरणाचे असावे लागतात.

½N₂O₄ ⇌ NO₂ असं लिहिलं तर K चं वर्गमूळ घ्यायचं, ०.००४६ चं ०.०६८ होईल. समीकरण उलटं लिहिलं तर K ची व्यस्त संख्या. चूक कुठे होते ते बघा. N₂O₄ ०.०५० आणि NO₂ ०.०१० असेल तर मूळ समीकरणाचा Q येतो ०.००२, तो K पेक्षा लहान, अभिक्रिया उजवीकडे. एखाद्याने वर्ग करायचा विसरून ०.०१० भागिले ०.०५० केलं तर ०.२ येतो, K पेक्षा मोठा, म्हणजे थेट उलटी दिशा. घातांक विसरणं ही माझ्या पाहण्यातली सगळ्यात मोठी चूक आहे. Q लिहिताना समीकरणातल्या सहगुणकांवर बोट ठेवा.

६. गणितात संहतीऐवजी वायूंचे आंशिक दाब दिले असतील तर?

तर Q दाबांनी काढा आणि Kp शी ताडा. Kc शी नाही. याच अभिक्रियेचा २५ अंशाला Kc ०.००४६ आहे, पण दाब ॲटमॉस्फिअरमध्ये धरला तर Kp सुमारे ०.११ येतो, म्हणजे चोवीस-पंचवीस पट. दाबाचा Q Kc शी ताडला तर जवळपास प्रत्येक वेळी ‘डावीकडे’ असंच उत्तर येईल. दोन्ही बाजूंच्या वायूंचे मोल सारखे असतील, तिथेच Kp आणि Kc एक असतात.

७. सुरुवातीला उत्पादित अजिबातच नसेल तर Q काढायचा का?

गरज नाही. अंश शून्य म्हणजे Q शून्य, अभिक्रिया उजवीकडेच जाईल. एखादा अभिक्रियाकारक नसेल तर छेद शून्य होतो, Q अमर्याद मोठा धरायचा, अभिक्रिया डावीकडेच जाईल. मात्र अनेक उत्पादितं असतील आणि त्यातलं एकच गैरहजर असेल, तरीही Q शून्यच. बाकीची उत्पादितं कितीही असोत, त्याने फरक पडत नाही.

८. ΔG° धन असेल तर अभिक्रिया उजवीकडे जातच नाही, असं क्लासमध्ये सांगितलं. बरोबर आहे का?

नाही. ΔG° ही सगळे पदार्थ प्रमाण स्थितीत असतानाची गोष्ट आहे. तुमच्या भांड्यातल्या मिश्रणाची दिशा ΔG ठरवतो, आणि त्याचं सूत्र असं:

ΔG = RT ln(Q/K)

Q लहान असेल तर लॉगॅरिदम ऋण येतो, ΔG ऋण, अभिक्रिया उजवीकडे. म्हणजे Q आणि K ताडणं आणि ΔG चं चिन्ह बघणं हे एकच काम आहे. आपल्या अभिक्रियेचा ΔG° २५ अंशाला धन आहे. तरी शुद्ध N₂O₄ भांड्यात भरला तर Q शून्य असतो आणि NO₂ तयार होतोच, डोळ्यांना तपकिरी दिसतो. प्रश्न २ च्या मिश्रणासाठी ΔG सुमारे +१.९ किलोजूल प्रति मोल येतो, म्हणून ते डावीकडे जातं.

९. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश तापतं. तेव्हाही हेच उत्तर येईल का?

नाही, आणि हा या पानावरचा माझा आवडता प्रश्न आहे. एका मुलीने भर उन्हाळ्यात, लाईट गेलेली असताना विचारला होता.

तापमान बदललं तर भांड्यातल्या संहती लगेच बदलत नाहीत, म्हणून बंद भांड्यात Q आहे तसाच राहतो. बदलतो तो K. गावाचाच दगड सरकतो म्हणा. N₂O₄ तुटायला उष्णता लागते, मोलमागे सुमारे ५७ किलोजूल. म्हणून तापमान वाढलं की K वाढतो. ही उष्णता धरून हिशेब केला तर ४५ अंशाला K सुमारे ०.०१८ येतो.

आता प्रश्न २ चं मिश्रण पुन्हा घ्या. Q तोच, ०.०१०. पंचविशीला तो K पेक्षा मोठा होता, अभिक्रिया डावीकडे जात होती. पंचेचाळिशीला तोच Q K पेक्षा लहान ठरतो आणि अभिक्रिया उजवीकडे जाते. मिश्रणात एका रेणूचाही फरक नाही, तरी दिशा फिरली. म्हणून गणितात K सोबत तापमान दिलेलं असतं, ते वगळून वाचू नका.

दाबाचं वेगळं. भांडं दाबून आकारमान निम्मं केलं तर K तसाच राहतो आणि Q बदलतो. दोन्ही संहती दुप्पट होतात, अंश चौपट, छेद दुप्पट, म्हणून Q दुप्पट. समतोलात असलेलं मिश्रण मग डावीकडे जातं. दाबल्या क्षणी रंग गडद होतो, कारण तोच वायू निम्म्या जागेत आला, आणि मग हळूहळू थोडा फिका पडतो. आरगॉनसारखा निष्क्रिय वायू त्याच आकारमानात सोडला तर दोन्ही संहती तशाच राहतात, Q तसाच, काहीच होत नाही. दाब कायम ठेवून सोडला तर आकारमान वाढतं, Q घटतो, अभिक्रिया उजवीकडे जाते. ‘दाब वाढला की कमी मोलांकडे’ एवढंच पाठ केलेलं मूल इथे फसतं. Q काढणारं फसत नाही.

१०. Q हा K पेक्षा खूप लहान आहे, तरी काहीच होताना दिसत नाही. असं कसं?

कारण Q दिशा सांगतो, वेग नाही. यासाठी आपल्या शेतातलंच उदाहरण घ्या. युरिया आणि पाणी मिळून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात:

CO(NH₂)₂ + H₂O ⇌ 2NH₃ + CO₂

स्वच्छ पाण्यात युरिया विरघळवून बाटलीत ठेवला तर उत्पादितं जवळपास नसतात, Q जवळपास शून्य, दिशा उजवीकडेच. तरी कित्येक दिवस वास येत नाही. तोच युरिया ओल्या काळ्या जमिनीवर उघडा टाकला की लवकरच अमोनियाचा उग्र वास सुटतो. जमिनीतल्या सूक्ष्मजीवांकडे युरिएज नावाचं विकर असतं, ते अभिक्रियेचा वेग प्रचंड वाढवतं. विकराने Q बदलला नाही, K ही बदलला नाही. रस्ता तोच, गावही तेच, एसटी तेवढी सुरू झाली. युरिया मातीआड करायला सांगतात, ते हा अमोनिया हवेत उडून जाऊ नये म्हणून.

११. आमच्या गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. ते आणखी वाढेल की नाही, हे Q वरून कळतं का?

काही अंशी कळतं. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे, मुलांच्या दातांवर डाग दिसतात, म्हणून हे गणित मी मुद्दाम करून घेते.

खडकातल्या फ्लोराइडचा एक स्रोत म्हणजे फ्लोराइट हे खनिज, म्हणजेच कॅल्शियम फ्लोराइड:

CaF₂ ⇌ Ca²⁺ + 2F⁻

CaF₂ हा स्थायू आहे, म्हणून त्याची संहती Q मध्ये येत नाही. Q = [Ca²⁺][F⁻]² एवढंच. २५ अंशाला याचा K, म्हणजे विद्राव्यता गुणाकार, सुमारे ३.५ × १०⁻¹¹ आहे.

समजा पाण्याच्या अहवालात कॅल्शियम लिटरला ८० मिलिग्रॅम आणि फ्लोराइड १.९ मिलिग्रॅम आहे. ८० मिलिग्रॅमला ४० ने भागून ०.००२ मोल, १.९ ला १९ ने भागून ०.०००१ मोल (मिलिग्रॅमचे ग्रॅम करायला विसरू नका).

Q = ०.००२ × (०.०००१)² = २ × १०⁻¹¹

हा K पेक्षा लहान आहे. म्हणजे या पाण्याला फ्लोराइट भेटला तर तो आणखी विरघळेल. ‘भेटला तर’ हे शब्द महत्त्वाचे. स्थायू Q मध्ये येत नसला तरी विरघळायला तो जागेवर असावाच लागतो. त्या थरात फ्लोराइट नसेल तर Q कितीही लहान असो, या वाटेने फ्लोराइड वाढणार नाही. आणि जी मर्यादा Q दाखवतो, ती पिण्यायोग्यतेची नव्हे. भारतीय मानकात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५. वरचं पाणी Q च्या हिशेबाने अजून ‘भुकेलेलं’ आहे, तरी पिण्यासाठी ते मर्यादेबाहेर गेलेलं आहे.

अहवाल वाचताना एक खबरदारी घ्या. पुष्कळदा कॅल्शियम ‘कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात’ दिलेलं असतं. तिथला २०० चा आकडा म्हणजे खरं कॅल्शियम ८० मिलिग्रॅमच. तो तसाच वापरला तर Q अडीच पट फुगतो, ५ × १०⁻¹¹ होतो, आणि निष्कर्ष उलटा निघतो. ‘एकूण कठीणपणा’ तर वापरूच नका, त्यात मॅग्नेशियमही मोजलेलं असतं.

१२. मग पाण्यात चुना टाकला की कॅल्शियम वाढेल, Q वाढेल आणि फ्लोराइड गाळ होऊन बसेल. एवढं सोपं असताना तसं काऊन करत नाहीत?

विचार बरोबर आहे, आकडे साथ देत नाहीत. फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमवर आणायचं, म्हणजे ०.००००७९ मोल. त्या संहतीला Q आणि K समान व्हायला कॅल्शियम सुमारे ०.००५६ मोल, म्हणजे लिटरला साधारण २२५ मिलिग्रॅम हवं. १ मिलिग्रॅमवर आणायचं तर ५०० च्या वर. पिण्याच्या पाण्यात कॅल्शियमची जास्तीत जास्त मर्यादाच २०० आहे. म्हणजे एक दोष घालवायला दुसरा आणायचा, आणि तरी काम अर्धवटच. शिवाय चुन्याने पाणी खूप अल्कधर्मी होतं, ते वेगळंच.

म्हणून नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत मुख्य काम तुरटी करते. तुरटीपासून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे मऊ पुंजके तयार होतात, फ्लोराइड त्यांना चिकटून खाली बसतं. चुना तिथे पाण्याची अल्कता सांभाळायला असतो. मात्रा पाण्यागणिक मोजून ठरवावी लागते, अंदाजाने टाकायची नसते. आणि पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटून उलट त्याची संहती वाढते. हे घरी सांगा.

१३. दोन द्रावणं मिसळल्यावर गाळ पडेल का, या गणितात माझं उत्तर नेहमी चुकतं.

बहुतेक वेळा मिसळल्यावर संहती कमी होते, तेच विसरलं जातं. कॅल्शियम क्लोराइडचं ०.००४ मोलर द्रावण १०० मिलिलिटर आणि सोडियम फ्लोराइडचं ०.०००२ मोलर द्रावण १०० मिलिलिटर एकत्र केलं, तर एकूण २०० मिलिलिटर होतं आणि दोन्ही संहती निम्म्या होतात, ०.००२ आणि ०.०००१. Q आला २ × १०⁻¹¹, गाळ पडणार नाही. बाटलीवरचे आकडे तसेच घातले असते तर १६ × १०⁻¹¹ आला असता आणि ‘गाळ पडेल’ असं लिहिलं असतं. आठ पटींची चूक.

१४. Q हा K पेक्षा मोठा आला, तरी पाणी स्वच्छच आहे. गाळ का नाही?

दोन कारणं असू शकतात. पहिलं, स्फटिक तयार व्हायला सुरुवातीला एक बारीक कण लागतो, ज्यावर थर चढतील. तो नसेल तर द्रावण बराच काळ अतिसंपृक्त अवस्थेत राहतं. Q ने दिशा बरोबर सांगितलेली असते, पण वेगाची अडचण असते, प्रश्न १० सारखीच.

दुसरं कारण क्षारांचं. अकोला, अमरावती, बुलडाणा भागातल्या खारपाण पट्ट्यातली मुलं हा प्रश्न जास्त विचारतात, आणि तिथे तो खरोखर महत्त्वाचा आहे. खाऱ्या पाण्यात प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराचे आयन जमतात आणि त्याचा प्रभाव झाकला जातो. त्यामुळे मोजलेल्या संहतीपेक्षा त्याची परिणामकारक संहती कमी असते. लिटरला अर्धा-पाऊण ग्रॅम मीठ विरघळलेलं असेल तर फ्लोराइडची परिणामकारक संहती सुमारे ०.९ पट आणि दुहेरी भाराच्या कॅल्शियमची ०.६६ पट धरावी लागते. Q साठी ०.६६ × ०.९ × ०.९, म्हणजे जवळपास निम्मा. कागदावर ६ × १०⁻¹¹ दिसणारा Q प्रत्यक्षात ३.२ × १०⁻¹¹ असतो, K च्या खाली. खारेपणा वाढला की सुरुवातीला हा फरक आणखी वाढतो. म्हणून खऱ्या पाण्यासाठी मी मुलांना सांगते: नुसत्या संहतीने काढलेला Q K च्या दुपटी-निमपटीच्या आत असेल तर दिशा ठामपणे सांगू नका. शंभर पट फरक असेल तर बिनधास्त सांगा.

१५. आमच्या संत्र्याच्या बागेत ठिबकच्या तोटीवर पांढरा थर जमतो. यातही Q आहे का?

आहे. वरुड-मोर्शीकडचे विद्यार्थी हे विचारतात. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर विरघळलेला असतो, त्यामुळे कॅल्शियम बायकार्बोनेट होऊन विरघळलेलं राहतं:

Ca²⁺ + 2HCO₃⁻ ⇌ CaCO₃ + CO₂ + H₂O

Q मध्ये स्थायू CaCO₃ आणि पाणी येत नाही. अंशात फक्त CO₂ राहतो. पाणी पंपाने वर आलं, तोटीतून थेंबथेंब हवेत पडलं की CO₂ उडून जातो, अंश घटतो, Q K च्या खाली जातो आणि अभिक्रिया उजवीकडे सरकून पांढरा थर बसतो. उन्हात तोटीच्या तोंडाशी पाणी आटतं, तिथे थर आणखी लवकर जाड होतो. घरच्या पाणी तापवायच्या भांड्यातही हेच घडतं. ॲसिड सोडल्यावर थर जातो, कारण ॲसिड HCO₃⁻ खाऊन टाकतं, छेद घटतो, Q एकदम वाढतो आणि अभिक्रिया डावीकडे परतते.

प्रश्न ११ शी याचा थेट संबंध आहे. जमिनीखालीच जर कॅल्शियम कार्बोनेट असं खाली बसलं, तर पाण्यातलं कॅल्शियम कमी होतं. कॅल्शियम कमी झालं की कॅल्शियम फ्लोराइडचा Q घटतो आणि फ्लोराइटला आणखी विरघळायला वाव मिळतो. कॅल्शियम लिटरला ८० मिलिग्रॅम असताना Q आणि K समान व्हायला फ्लोराइड २.५ मिलिग्रॅम लागतं. कॅल्शियम २० वर आलं की तेच ५ मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतं. म्हणून फ्लोराइड जास्त असलेलं पाणी पुष्कळदा कॅल्शियमने कमी आणि सोडियम बायकार्बोनेटने जास्त असतं. असं पाणी ‘हलकं’ लागतं, साबणाला छान फेस येतो, आणि गावात तीच बोअर चांगली समजली जाते. तुमच्या गावात अशी बोअर असेल तर तिचा फ्लोराइडचा अहवाल आधी मागा.